एक तृतीयांश खर्च, मग उरलेल्याचा पाव भाग: हे उदाहरण नेमक्या कोणत्या क्रमाने सोडवावे

अपूर्णांकांवरचे एक शाब्दिक उदाहरण पाचवीच्या वहीपासून स्पर्धा परीक्षांपर्यंत वेगवेगळ्या वेशांत येत राहते. कोणीतरी जवळच्या रकमेचा एक तृतीयांश भाग खर्च करतो, मग उरलेल्या रकमेचा एक चतुर्थांश भाग खर्च करतो, आणि शेवटी किती उरले हे सांगून मूळ रक्कम विचारली जाते. यातील आकडेमोड अवघड नाही. तरीही ज्यांना १/३ आणि १/४ यांची बेरीज बिनचूक येते असे विद्यार्थीसुद्धा येथे चुकतात, कारण दोन अपूर्णांक दिसताच त्यांचा हात बेरजेकडे जातो. पुढील टप्पे त्या घाईला आवर घालण्यासाठी आहेत. सगळा लेख एकाच उदाहरणावर चालेल आणि शेवटी त्याच उदाहरणात बदल करून पाहता येतील.

उदाहरण असे आहे:

सुमनताई आठवडी बाजाराला गेल्या. सोबत नेलेल्या रकमेपैकी १/३ रक्कम त्यांनी धान्यावर खर्च केली. उरलेल्या रकमेच्या १/४ रक्कम भाजीपाल्यावर खर्च केली. तेव्हा त्यांच्याजवळ ६०० रुपये शिल्लक राहिले. तर त्यांनी बाजाराला किती रक्कम नेली होती?

## सुरू करण्यापूर्वीची तयारी

हे उदाहरण हाती घेण्यापूर्वी तीन गोष्टी अडखळत येऊन चालणार नाही, त्या सहज यायला हव्यात. पहिली, पूर्णातून अपूर्णांक वजा करणे: १ मधून १/३ गेल्यास २/३ उरतात. दुसरी, एखाद्या भागाचा भाग काढणे: २/३ चा १/४ काढायचा म्हणजे दोन्हींचा गुणाकार करायचा. तिसरी, भाग माहीत असताना पूर्ण शोधणे: एखाद्या रकमेचे ३/४ म्हणजे ६०० रुपये असतील, तर १/४ म्हणजे २०० आणि पूर्ण रक्कम ८०० रुपये.

यांपैकी तिसरी गोष्ट कच्ची असेल, तर मूळ उदाहरण बाजूला ठेवून आधी तिचीच पाच-सहा छोटी उदाहरणे सोडवावीत. विद्यार्थी पहिले चार टप्पे बरोबर करून शेवटच्या पायरीवर ६०० ला १/२ ने गुणून मोकळा होतो, तेव्हा त्याला ‘उरलेल्या’चा अर्थ कळलेला असतो, भागावरून पूर्ण काढण्याचा सराव मात्र झालेला नसतो. दोन्ही चुकांवर एकच उपाय केल्यास उपयोग होत नाही.

कच्च्या कामासाठी चौकटींची वही घ्यावी. टप्पा ३ मधील पट्टी कोऱ्या कागदावर काढली तर भाग समान राहत नाहीत आणि नजर फसते.

## टप्पा १: उदाहरण दोनदा वाचणे आणि खुणा करणे

पहिल्या वाचनात फक्त एकच गोष्ट शोधावी, ती म्हणजे काय विचारले आहे. येथे नेलेली रक्कम विचारली आहे. ती ओळ अधोरेखित करावी.

दुसऱ्या वाचनात प्रत्येक अपूर्णांकाभोवती गोल करून त्याच्या आधीच्या शब्दांपर्यंत बाण न्यावा. १/३ चा बाण ‘सोबत नेलेल्या रकमेपैकी’ येथे पोहोचतो. १/४ चा बाण ‘उरलेल्या रकमेच्या’ येथे पोहोचतो. हे दोन बाण वेगवेगळ्या ठिकाणी गेले, एवढे कागदावर दिसले की निम्मे काम झाले.

प्रश्नपत्रिकेत हाच मजकूर निरनिराळ्या शब्दांत येतो. ‘उरलेल्या’, ‘शिल्लक’, ‘बाकी’, ‘राहिलेल्या’ हे सर्व शब्द बदललेल्या रकमेकडे बोट दाखवतात. ‘मूळ’, ‘एकूण’, ‘सुरुवातीच्या’, ‘त्याच रकमेच्या’ हे शब्द पहिल्या रकमेकडे नेतात. ‘त्यातील १/४’ असे लिहिलेले असेल, तर ‘त्यातील’ हा शब्द लगतच्या कोणत्या रकमेबद्दल आहे हे मागचे वाक्य पुन्हा वाचूनच ठरवावे लागते.

सावधान: दुसऱ्या वाक्यात ‘मूळ रकमेच्या १/४’ असे असेल, तर दोन्ही अपूर्णांक एकाच रकमेचे भाग ठरतात आणि तेथे बेरीजच बरोबर असते. म्हणजे ‘अशा उदाहरणात बेरीज करायची नाही’ असा सरसकट नियम पाठ करणेही धोक्याचे आहे. नियम बाणाचा आहे: दोन्ही बाण एकाच ठिकाणी गेले तर बेरीज, नाहीतर नाही.

## टप्पा २: प्रत्येक अपूर्णांकापुढे ‘कशाचा’ हे लिहिणे

आता एकही आकडेमोड न करता दोन ओळी लिहाव्यात.

धान्य = नेलेल्या रकमेचा १/३
भाजीपाला = धान्यानंतर उरलेल्या रकमेचा १/४

नुसते ‘धान्य = १/३, भाजीपाला = १/४’ असे लिहिले की पुढच्या ओळीत ७/१२ येणार हे जवळजवळ ठरलेले असते. म्हणून घरी शिकवताना ‘कशाचा’ हा शब्द नसलेली ओळ पूर्ण झालेली मानू नये. वर्गात वेळ कमी असेल तर बाकीचे टप्पे तोंडी घेतले तरी चालतील, पण ही दोन वाक्ये वहीत उतरलीच पाहिजेत.

तपासणी: येथवर आल्यावर विद्यार्थ्याला एकच प्रश्न विचारावा. समजा सुमनताईंनी १२ रुपये नेले असते, तर भाजीपाल्यावर किती खर्च झाला असता? उत्तर २ रुपये आले, तर पुढे जावे. उत्तर ३ रुपये आले, तर १/४ चा बाण अजून मूळ रकमेकडेच जातो आहे, म्हणून टप्पा १ पुन्हा करावा.

## टप्पा ३: पट्टी काढणे

चौकटींच्या वहीत १२ चौकटींची आडवी पट्टी काढावी. बारा का, तर छेद ३ आणि ४ आहेत आणि त्यांचा गुणाकार १२ होतो. एवढ्या चौकटी घेतल्या तर दोन्ही वेळा भाग पूर्ण चौकटींत पडतात. ही पट्टी म्हणजे नेलेली संपूर्ण रक्कम.

पहिला खर्च पट्टीच्या १/३, म्हणजे ४ चौकटी. त्या रंगवाव्यात. पांढऱ्या ८ चौकटी राहिल्या.

आता येथे एक कृती मुद्दाम करावी. रंगवलेल्या ४ चौकटी तळहाताने किंवा कागदाच्या तुकड्याने झाकून टाकाव्यात. दुसऱ्या वाक्यापुरत्या त्या अस्तित्वात नाहीत, कारण ते पैसे धान्याच्या दुकानात गेले. समोर दिसणाऱ्या ८ चौकटींचे चार समान भाग करावेत, म्हणजे प्रत्येक भागात २ चौकटी येतात. त्यातला एक भाग वेगळ्या रेघांनी भरावा. पांढऱ्या ६ चौकटी राहिल्या.

झाकलेला भाग उघडल्यावर संपूर्ण पट्टी अशी दिसते: ४ चौकटी धान्य, २ चौकटी भाजीपाला, ६ चौकटी शिल्लक. म्हणजे शिल्लक पट्टीच्या बरोबर निम्मी आहे. ६ चौकटी ६०० रुपयांच्या, तर एक चौकट १०० रुपयांची आणि १२ चौकटी १२०० रुपयांच्या.

उत्तर येथेच मिळाले. तरीही पुढचे टप्पे सोडू नयेत, कारण छेद ७ आणि ११ असे आले तर ७७ चौकटींची पट्टी कोणी काढत नाही.

सावधान: पट्टीचे आधी तीन भाग आणि मग त्याच संपूर्ण पट्टीचे चार भाग, अशा दुहेरी रेघा काही जण ओढतात. चित्र नीटनेटके दिसते, पण ते दुसऱ्याच उदाहरणाचे चित्र असते. दुसरी विभागणी पांढऱ्या भागापुरतीच करायची असते.

## टप्पा ४: तेच अपूर्णांकांत लिहिणे

पट्टीवर जे केले, तेच आता नेलेली रक्कम १ मानून तक्त्यात लिहावे. तक्त्यातील ‘आधीची रक्कम’ हा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येक ओळीतला खर्च त्याच ओळीतल्या आधीच्या रकमेवरून काढायचा असतो.

| खर्च | आधीची रक्कम | खर्चाचा मूळ रकमेतील भाग | शिल्लक |
|---|---|---|---|
| धान्य | १ | १ × १/३ = १/३ | २/३ |
| भाजीपाला | २/३ | २/३ × १/४ = १/६ | २/३ − १/६ = १/२ |

पहिल्या ओळीची शिल्लक उचलून दुसऱ्या ओळीतील ‘आधीची रक्कम’ या रकान्यात ठेवायची. ही उचल विसरली की दुसऱ्या ओळीतही १ येतो आणि जुनी चूक पुन्हा घडते.

या तक्त्याला एक आखूड वाट आहे. १/४ खर्च झाला म्हणजे ३/४ शिल्लक राहिले. म्हणून शिल्लक सरळ गुणाकाराने काढता येते: २/३ × ३/४ = १/२. शिल्लकच विचारली किंवा दिली असेल, तर प्रत्येक खर्च वेगळा काढण्याची गरज नाही. खर्चाचे अपूर्णांक शिल्लकेच्या अपूर्णांकांत बदलून त्यांचा गुणाकार केला की पुरते. स्पर्धा परीक्षेत हीच वाट वापरावी. शिकण्याच्या काळात मात्र पूर्ण तक्ता लिहावा असे मला वाटते, कारण गुणाकाराची युक्ती आधी हाती आली की विद्यार्थी कधी १/३ × १/४ करतो, कधी २/३ × १/४ करतो, आणि आलेल्या उत्तराचा अर्थ विचारला तर त्याला सांगता येत नाही. २/३ × १/४ हा भाजीपाल्याचा खर्च आहे आणि २/३ × ३/४ ही शिल्लक आहे. १/३ × १/४ या उदाहरणात कशाचेच उत्तर नाही.

आठवीपुढील विद्यार्थी हेच समीकरणाने लिहू शकतात. नेलेली रक्कम क्ष मानली, तर धान्यानंतर २क्ष/३ उरतात, भाजीपाला त्याचा १/४ म्हणजे क्ष/६ होतो, आणि २क्ष/३ − क्ष/६ = ६०० असे समीकरण मिळते. येथे ठरलेली चूक म्हणजे क्ष − क्ष/३ − क्ष/४ = ६०० अशी सुरुवात करणे. बीजगणित आल्याने ‘कशाचा’ हा प्रश्न टळत नाही.

## टप्पा ५: दिलेली रक्कम कोणत्या भागाची आहे हे ठरवणे

आता पहिल्यांदा ६०० हा आकडा हातात घ्यावा. त्याआधी तो वापरलेलाच नाही, हे या क्रमाचे वैशिष्ट्य आहे. उदाहरण म्हणते की ६०० रुपये शेवटी शिल्लक राहिले. तक्त्याप्रमाणे शेवटची शिल्लक मूळ रकमेच्या १/२ आहे. म्हणून मूळ रकमेचा १/२ भाग म्हणजे ६०० रुपये, आणि मूळ रक्कम ६०० × २ = १२०० रुपये.

दिलेला आकडा कोणत्या भागाशी जोडायचा, हे प्रत्येक प्रश्नात वेगळे असते. समजा शिल्लक न देता ‘भाजीपाल्यावर १५० रुपये खर्च झाले’ असे सांगितले असेल. मग १५० रुपये मूळ रकमेच्या १/६ आहेत, १/४ नव्हे, आणि मूळ रक्कम ९०० रुपये येते. ‘धान्यापेक्षा भाजीपाल्यावर १५० रुपये कमी खर्च झाले’ असे असेल, तर १/३ मधून १/६ वजा करावे. फरकही १/६ च येतो, म्हणून उत्तर पुन्हा ९०० रुपये. ‘दोन्ही मिळून ४५० रुपये खर्च झाले’ असे असेल, तर १/३ अधिक १/६ म्हणजे १/२. या ठिकाणी बेरीज केली ती चालते, कारण तक्त्यातील तिसऱ्या रकान्यात दोन्ही खर्च आता मूळ रकमेच्याच भागांत लिहिलेले आहेत.

तपासणी: सर्व खर्चांचे भाग आणि शिल्लक यांची बेरीज १ यायलाच हवी. येथे १/३ + १/६ + १/२ = १. बेरीज १ आली नाही, तर दिलेल्या रकमेला हात लावू नये.

## टप्पा ६: पडताळा पुढच्या दिशेने घेणे

पडताळा म्हणजे केलेली आकडेमोड पुन्हा वाचणे नव्हे. मिळालेली रक्कम सुमनताईंच्या हाती ठेवून त्यांच्यासोबत बाजारातून पुन्हा एकदा जायचे. १२०० रुपयांचा १/३ म्हणजे ४०० रुपये धान्याला, उरले ८००. ८०० चा १/४ म्हणजे २०० रुपये भाजीपाल्याला, उरले ६००. उदाहरणातही ६०० आहेत, म्हणून उत्तर बरोबर.

पडताळा घेताना उदाहरणाची मूळ वाक्ये समोर ठेवावीत, स्वतःचा तक्ता नव्हे. तक्त्यातच चूक असेल तर तक्त्यावरून घेतलेला पडताळा तीच चूक पुन्हा बरोबर ठरवतो.

## चुकीच्या उत्तरावरून चूक ओळखणे

महाराष्ट्रातील शालेय शिष्यवृत्ती परीक्षेत उत्तराचे चार पर्याय असतात. असे पर्याय विचारपूर्वक रचले, तर चुकीचा प्रत्येक पर्याय एका विशिष्ट चुकीतून जन्माला येतो. आपल्या उदाहरणाला १०००, १२००, १४४० आणि २४०० असे चार पर्याय दिले आहेत असे समजू.

१४४० निवडणाऱ्याने १/३ आणि १/४ यांची बेरीज केली आहे. ती ७/१२ येते, ५/१२ उरतात, आणि ६०० ला १२/५ ने गुणल्यावर १४४० मिळतात. पडताळा घेतला असता, तर चूक लगेच दिसली असती: १४४० मधून ४८० गेल्यास ९६० उरतात, त्यांचा १/४ म्हणजे २४०, आणि शेवटी ७२० राहतात, ६०० नव्हे. या विद्यार्थ्याला टप्पा १ आणि २ द्यावेत.

२४०० निवडणाऱ्याला ‘उरलेल्या रकमेच्या’ हे शब्द दिसले होते. मात्र १/३ खर्च झाल्यावर उरलेले २/३ घेण्याऐवजी त्याने १/३ च उचलला आणि त्याच्या ३/४ म्हणजे १/४ शिल्लक धरली. ६०० चौपट केले की २४०० येतात. त्याला अर्थ समजला आहे, फक्त खर्च आणि शिल्लक यांत गल्लत झाली आहे. तक्त्यातील शेवटचा रकाना भरून घेतला की हे सुधारते.

१००० निवडणारा विद्यार्थी शेवटाकडून सुरुवातीकडे निघाला होता. त्याने ६०० मध्ये त्यांचा १/४ म्हणजे १५० मिळवले, ७५० झाले. मग त्यात ७५० चा १/३ म्हणजे २५० मिळवले, १००० झाले. विचार चांगला आहे, पण त्यात एक अडचण लपलेली आहे आणि ती पुढच्या भागात सविस्तर पाहू.

पर्याय गाळण्यासाठी एक छोटी युक्ती वापरता येते. खर्च पूर्ण रुपयांत असतील असे गृहीत धरले, तर मूळ रकमेला ६ ने नि:शेष भाग गेला पाहिजे, कारण खर्च १/३ आणि १/६ भागांचे आहेत. १००० येथेच बाद होतात. १४४० आणि २४०० यांना मात्र ६ ने भाग जातो, त्यामुळे ही युक्ती चाळणी म्हणून ठीक, निकाल म्हणून नाही.

## शेवटाकडून सुरुवातीकडे जायचे असेल तर

उलट दिशेने जाणे ही पूर्ण वैध रीत आहे, आणि काही उदाहरणांत तीच एकमेव सोयीची असते. पण जाताना अपूर्णांक जसाच्या तसा वापरता येत नाही.

कारण पट्टीवर पाहावे. भाजीपाला घेण्यापूर्वी ८ चौकटी होत्या, त्यांचे चार भाग केले, एक भाग गेला आणि तीन भाग उरले. आता उरलेल्या तीन भागांच्या बाजूने पाहिले, तर गेलेला भाग त्यांचा चौथा हिस्सा नाही, तिसरा हिस्सा आहे. म्हणून ६०० मध्ये ६०० चा १/४ नव्हे, ६०० चा १/३ म्हणजे २०० मिळवायचे. भाजीपाल्याआधीची रक्कम ८०० रुपये झाली.

धान्याच्या वेळी तीन भागांपैकी एक गेला आणि दोन उरले. उरलेल्या दोन भागांच्या बाजूने पाहता गेलेला भाग त्यांच्या निम्मा आहे. म्हणून ८०० मध्ये ८०० चा १/२ म्हणजे ४०० मिळवायचे आणि १२०० वर पोहोचायचे.

जाताना १/४, तर परतताना १/३. जाताना १/३, तर परतताना १/२. अंश १ असताना परतीचा छेद एकने कमी होतो. पण अंश १ नसेल तेथे हा ठोकताळा चालत नाही: २/५ खर्च झाले असतील, तर शिल्लक ३/५ राहते आणि परतताना शिल्लकेच्या २/३ मिळवावे लागतात. ज्यांना हे लक्षात ठेवणे जड जाते, त्यांनी मिळवण्याच्या फंदात न पडता प्रत्येक पायरीला शिल्लकेच्या अपूर्णांकाने भागावे: ६०० ÷ ३/४ = ८००, आणि ८०० ÷ २/३ = १२००. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचतात.

## खर्चांचा क्रम बदलला तर

आधी १/४ आणि मग उरलेल्याचा १/३ असा क्रम दिला, तर शेवटची शिल्लक ३/४ × २/३ म्हणजे पुन्हा १/२ च येते. म्हणून केवळ मूळ रक्कम विचारली असेल तर उत्तर बदलत नाही, १२०० रुपयेच येते. पण खर्च बदलतात. १२०० चा १/४ म्हणजे ३०० गेले, ९०० उरले, त्यांचा १/३ म्हणजे पुन्हा ३०० गेले. पहिल्या क्रमात खर्च ४०० आणि २०० होते, या क्रमात ते ३०० आणि ३०० झाले. एखाद्या खर्चाची रक्कम विचारली असताना क्रमाकडे दुर्लक्ष केले, तर शेवटची शिल्लक जुळूनही उत्तर चुकते. असा प्रश्न पडताळ्यातूनही निसटू शकतो, म्हणून पडताळ्यात प्रत्येक खर्च त्याच्या नावासह लिहावा.

## खर्च दोनपेक्षा अधिक असतील तर

भास्कराचार्यांच्या इ.स. ११५० मधील लीलावतीत याच जातीचे चार खर्चांचे उदाहरण आहे आणि सरावासाठी त्याहून चांगले क्वचितच मिळेल. एक यात्रेकरू जवळच्या धनाचा १/२ भाग प्रयागला देतो, उरलेल्याचा २/९ काशीत, त्यानंतर उरलेल्याचा १/४ वाटेतील जकातीला, आणि मग उरलेल्याचा ६/१० गयेत खर्च करतो. त्याच्याजवळ ६३ निष्क, म्हणजे त्या काळची नाणी, उरतात, तर मूळ धन किती?

येथे चार ओळींचा तक्ता लिहिण्याऐवजी शिल्लकेचे अपूर्णांक काढावेत. ते अनुक्रमे १/२, ७/९, ३/४ आणि ४/१० आहेत. त्यांचा गुणाकार करताना आधी काटछाट करावी, नाहीतर मोठ्या संख्यांत चूक होते. उत्तर ७/६० येते. मूळ धनाचे ७/६० म्हणजे ६३, म्हणून १/६० म्हणजे ९ आणि मूळ धन ५४० निष्क. पडताळा: ५४० मधून २७० गेले, उरलेल्या २७० मधून ६० गेले, २१० राहिले, त्यातून साडेबावन्न गेले, एकशे साडेसत्तावन्न राहिले, त्यातून साडेचौऱ्याण्णव गेले आणि ६३ उरले.

मधल्या पायरीवर अर्धा आला म्हणून घाबरून उत्तर खोडू नये. शेवटची संख्या जुळते की नाही, तेवढेच पाहावे.

## मधे ठरावीक रक्कम आली तर गुणाकार थांबवावा

आतापर्यंतची आखूड वाट एका अटीवर चालते: प्रत्येक खर्च कशाचा तरी भाग असला पाहिजे. त्यात ‘५० रुपये रिक्षाभाडे’ अशी ठरावीक रक्कम आली, की शिल्लकेच्या अपूर्णांकांचा सलग गुणाकार करता येत नाही. मूळ रक्कम १२ मानून शेवटी पट काढण्याची रीतही तेथे फसते, कारण मूळ रक्कम दुप्पट झाली तरी रिक्षाभाडे ५० रुपयेच राहते.

अशा वेळी उलट दिशेने, एकेक पायरी जावे. समजा सुमनताईंनी १/३ रक्कम धान्यावर आणि उरलेल्याचा १/४ भाजीपाल्यावर खर्च केला, मग ५० रुपये रिक्षाला दिले आणि घरी ५५० रुपये आणले. शेवटची घटना रिक्षाची, म्हणून ती आधी उलटवावी: ५५० + ५० = ६००. मग ६०० ÷ ३/४ = ८००, आणि ८०० ÷ २/३ = १२००.

आता फक्त रिक्षाची जागा बदलू. धान्य घेतल्यावर ५० रुपये रिक्षाला दिले, मग उरलेल्याचा १/४ भाजीपाल्यावर खर्च केला आणि ६०० रुपये उरले. आता शेवटची घटना भाजीपाल्याची आहे: ६०० ÷ ३/४ = ८००. मग रिक्षा: ८०० + ५० = ८५०. मग धान्य: ८५० ÷ २/३ = १२७५. पडताळा घेतला तर १२७५ मधून ४२५ गेले, ८५० राहिले. ५० गेले, ८०० राहिले. २०० गेले, ६०० राहिले.

पहिल्या प्रकारात ५० रुपये भागाकाराच्या आधी मिळवले, दुसऱ्यात दोन भागाकारांच्या मधे. म्हणून अशा उदाहरणात घटना पाठीमागून क्रमांक देऊन लिहाव्यात आणि त्या क्रमाने एकेक उलटवून झाल्यावर समोर बरोबरची खूण करावी. ‘उरलेल्याचा १/४ भाग आणि वर ५० रुपये’ या वाक्यात १/४ आधी गेला असे धरतात, त्यामुळे उलटवताना ५० आधी मिळवायचे.